आबांची बोटं, नातीची कात्री

पट्टी धरून खडूने मारलेली रेघ मध्येच वाकलेली दिसायला लागली, तेव्हा आबांनी आधी पट्टीलाच दोष दिला. नातीने पाहिलं, तर रेघ सरळ होती. डावा डोळा झाकला की तीच रेघ वाकडी, उजवा झाकला की सरळ. सत्तरी ओलांडलेल्या शिंप्याचा आजार असा कापडावरच उघडा पडला.

डॉक्टर म्हणाले, हा मोतीबिंदू नाही, उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. मोतीबिंदूत सगळंच धूसर होतं आणि शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना पुन्हा नीट दिसतं. या आजारात कडेचं दिसत राहतं, पण ज्यावर नजर रोखावी तेच पुसट होतं. शिंप्याच्या बाबतीत सुईचं नेढं, खडूची खूण आणि कात्रीचं टोक. याच्या एका प्रकारात वेळेत इंजेक्शनं घेतली तर बिघाड थोपवता येतो. आबांची झीज दुसऱ्या, संथ प्रकारची होती. गेलेली नजर परत आणणारा उपाय त्यावर नव्हता, आणि पुढे डावा डोळाही त्याच वाटेने गेला.

दुकान नातीच्या हाती आलं. तिला मशीन चालवता येत होतं, कटिंग येत नव्हतं. आबांना कटिंग येत होतं, पण ते कधी शब्दांत सांगावं लागलं नव्हतं. आता ते खुर्चीत बसून एकेक पायरी बोलू लागले: "छाती छत्तीस, चौथा भाग नऊ. त्यात अर्धा इंच सैल, दीड इंच माया. घडीपासून अकरावर खूण कर." कापड मात्र ते स्वतःच पारखत. दोन्ही हातांत धरून ओढलं की उभा धागा ताठ राहतो, आडवा किंचित सैल पडतो आणि तिरकं, म्हणजे उरेब, कापड सगळ्यात जास्त ताणलं जातं. गळ्याच्या गोलाईवर बसणारी पट्टी उरेबातूनच काढायची, हे नात त्यांच्या बोटांकडे पाहून शिकली.

एकदा तिने छापील ब्लाउजच्या बाह्या एकेक करून कापल्या. आबांनी दोन्ही बाह्या सुलट बाजू वर ठेवून एकमेकींवर ठेवायला लावल्या आणि मुंढ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. बाहीचा मुंढा पुढच्या बाजूला जास्त खोल असतो. डाव्या-उजव्या बाहीची खोल बाजू समोरासमोर यायला हवी होती; इथे ती दोन्हींना एकाच बाजूला लागली. "दोन्ही उजव्या हाताच्या झाल्या, पोरी." दोन्ही अंगांनी सारखं दिसणारं कापड असतं, तर एक बाही उलटून भागलं असतं. छापील कापडाला ती सोय नाही. नशिबाने उरलेल्या तुकड्यातून डावी बाही निघाली.

तेव्हापासून ती बाहीचं कापड सुलट बाजू आत घेऊन दुहेरी घालते, दोन्ही बाह्या एकदम कापते आणि पुढच्या बाजूला कात्रीने बारीकशी खूण देते. ती खूण आबांना नखाने चाचपता येते. मापं घेणं, फिटिंग पाहणं आणि काज तिच्याकडे आहेत. कापलेला प्रत्येक भाग मात्र शिवणीला जाण्याआधी आबांच्या हाताखालून जातो.