'सम' की 'एनी'? आधी उत्तराचा अंदाज घ्या

होकारार्थी वाक्यात 'सम', नकारात आणि प्रश्नात 'एनी', हा इंग्रजीचा नियम आपण शाळेतच पाठ केलेला असतो. 'आय हॅव सम मनी', 'आय डोन्ट हॅव एनी मनी', 'डू यू हॅव एनी मनी?' इथपर्यंत तो बिनतक्रार चालतो. पण पाहुण्याला चहा विचारताना इंग्रज माणूस 'वुड यू लाइक सम टी?' असं म्हणतो. हा तर प्रश्न आहे, मग 'सम' का?

कारण बोलणाऱ्याला 'हो' या उत्तराची अपेक्षा आहे. आग्रहात आणि विनंतीत ती असतेच, म्हणून पाणी मागतानाही 'कॅन आय हॅव सम वॉटर?' असंच म्हणतात. 'डिड एनीबडी कॉल?' ही नुसती चौकशी झाली. 'डिड समबडी कॉल?' असं विचारणाऱ्याला मात्र फोन आला असावा असं वाटत असतं.

रॉबिन लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1969 साली या दोन शब्दांवर एक लेख लिहिला. निव्वळ वाक्यरचनेवरून त्यांची निवड ठरवता येत नाही, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. 'इफ'ची वाक्यं घ्या. मुलाने भाजी खावी म्हणून आई आमिष दाखवते, तेव्हा 'इफ यू ईट सम व्हेजिटेबल्स' म्हणते. चॉकलेटला हात लावू नये म्हणून दटावते, तेव्हा 'इफ यू ईट एनी चॉकलेट' म्हणते. रचना तीच, पण पहिली गोष्ट घडावी अशी तिची इच्छा आहे आणि दुसरी घडू नये अशी.

नकार दर वेळी 'नॉट'च्या रूपात दिसतो असंही नाही. 'हार्डली' आणि 'विदाउट' यांच्यात तो दडलेला असतो, म्हणून 'देअर इज हार्डली एनी मिल्क'. उलट 'नॉट' असूनही 'सम' येऊ शकतं, पण अर्थ पालटतो. 'आय डोन्ट लाइक सम ऑफ हिज फिल्म्स' म्हणजे त्याचे काही चित्रपट आवडत नाहीत. तिथे 'एनी' घातलं की एकही आवडत नाही.

साध्या होकारातही 'एनी' येतं, तेव्हा त्याचा अर्थ 'कोणताही' असा होतो: 'यू कॅन टेक एनी बस', कोणतीही बस चालेल. मराठी माणूस फसतो तो इथेच. 'कुणीही आलं नाही' याचं तो 'एनीबडी डिड नॉट कम' करतो. इंग्रजीत नकार 'एनी'च्या आधी यावा लागतो. कर्त्याच्या जागी तसं जमत नाही, म्हणून 'नोबडी केम' म्हणायचं.

शाळेतला नियम टाकून देऊ नका. फक्त प्रश्न विचारताना समोरून 'हो' यावं असं वाटत असेल, तर बेधडक 'सम' वापरा.