गाईचं ३.५ फॅटचं, म्हशीचं ६.५ फॅटचं, ४.५ फॅटचं दूध करायला कुठलं किती घ्यायचं?

शिरूर-दौंड भागात सकाळी दूध संकलन केंद्रावर गेलात, तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "आज फॅट किती लागली?" दुधाचा दर त्यावर ठरतो. पण पुढे पिशवीतल्या दुधाची फॅट नेमकी कशी जुळवतात?

समजा, गाईच्या दुधाला ३.५ फॅट आहे आणि म्हशीच्या दुधाला ६.५. आपल्याला हवं आहे स्टँडर्डाइज्ड दूध, म्हणजे ४.५ फॅट. इथे ॲलिगेशन कामाला येतं.

मधोमध हवी ती फॅट लिहा, ४.५. डावीकडे वर गाईचे ३.५, खाली म्हशीचे ६.५. आता तिरप्या रेषेत वजाबाकी करा.

६.५ − ४.५ = २ (गाईच्या दुधाचे भाग)
४.५ − ३.५ = १ (म्हशीच्या दुधाचे भाग)

म्हणजे ३०० किलो दुधासाठी २०० किलो गाईचं आणि १०० किलो म्हशीचं.

पण तिरपं का? गाईचं दूध ४.५ ला १ ने कमी पडतं, म्हशीचं २ ने जास्त आहे. एका किलो म्हशीच्या दुधातली जादा फॅट दोन किलो गाईच्या दुधातली तूट भरून काढते. बस, एवढंच.

ताळा करून बघा. २०० किलोत ७ किलो फॅट, १०० किलोत साडेसहा. एकूण १३.५ किलो, भागिले ३००, बरोबर ४.५ टक्के.

तिरपं न करता सरळ समोर लिहिलं, तर प्रमाण उलटं होतं आणि फॅट ५.५ येते. ही चूक लगेच ओळखता येते. ४.५ हा आकडा ३.५ च्या जवळ आहे, म्हणून गाईचंच दूध जास्त लागायला हवं. आणि दोन्ही दुधांच्या आकड्यांबाहेरची, म्हणजे ७ फॅट या दोन दुधांतून मिळणं शक्यच नाही.

आता खरी मेख. फॅट जुळली तरी काम संपत नाही. स्टँडर्डाइज्ड दुधात किमान ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, लागतात. गाईच्या दुधात ते ८.३ आणि म्हशीच्या दुधात ९ असतील, तर २:१ मिश्रणात ८.५३ येतात. जेमतेम पास! पण गाईचं ८.२ निघालं, तर मिश्रण ८.४७ वर येतं. फॅट अचूक ४.५, तरीही दूध नापास.

म्हणून ॲलिगेशन एका वेळी एकच आकडा जुळवतं. दुसरा वेगळा तपासावाच लागतो. हे टक्के वजनाचे असल्यामुळे दूध लिटरऐवजी किलोत मोजायचं, आणि नीट ढवळूनच नमुना काढायचा. नाहीतर साय वर येते आणि फॅटचा आकडा फसवतो.