साठ मीटर पाण्याचं वजन

मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही वीस मजली इमारतीच्या तळघरात एक पंपघर असतं. त्यात तीन पंप शेजारी शेजारी बसवलेले दिसतात: विजेवरचा मोठा मुख्य पंप, तेवढ्याच ताकदीचा डिझेल पंप आणि कोपऱ्यातला छोटा जॉकी पंप. तिघांचं पाणी हेडर नावाच्या एका जाड पाइपात येतं आणि तिथून वेट रायझर, म्हणजे कायम पाण्याने भरलेला उभा पाइप, गच्चीपर्यंत जातो. प्रत्येक मजल्यावर त्याला लँडिंग व्हॉल्व्ह आणि होज रील जोडलेले असतात. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) अशा उंच निवासी इमारतीत मोठे पंप मिनिटाला २२८० लिटरचे आणि जॉकी १८० लिटरचा असतो. पंप किती मोठे, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक असतं. ते कोणत्या दाबाला चालू होतात, हे मात्र फार थोडे विचारतात. आग लागल्यावर सगळं या आकड्यांवरच अवलंबून असतं.

एक इमारत घेऊन हिशेब करू. सर्वांत वरचा लँडिंग व्हॉल्व्ह पंपापासून ६० मीटर उंच आहे. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ तळाशी चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो दाब देतो. पंपघरात सगळे त्याला नुसतं ‘एक किलो’ म्हणतात. म्हणजे पाणी वरपर्यंत पोचवायलाच सहा किलो खर्च होतात. वरच्या नोझलवर किमान साडेतीन किलो मिळायला हवेत. पाइप, वळणं आणि व्हॉल्व्ह यांच्या घर्षणात एक किलो जातो असं धरू. बेरीज झाली साडेदहा. म्हणून मुख्य पंप २२८० लिटरला साडेदहा किलो देणारा निवडायचा. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना हाच पंप थोडा जास्त दाब चढवतो. आपल्या पंपाचा हा बंद-दाब बारा किलो आहे असं समजू.

आता सेटिंग. जॉकी बारा किलोला थांबतो आणि दाब ११.२ ला आला की पुन्हा चालू होतो. मुख्य पंप १०.५ ला चालू होतो आणि तोही चालला नाही तर ९.५ ला डिझेल पंप उठतो. या उतरत्या पायऱ्यांमागे कारणं आहेत. जॉकी मुख्य पंपाच्या बंद-दाबापर्यंत रायझर भरून ठेवतो, त्यामुळे मोठा पंप चालू होताना पाइपाला धक्का बसत नाही. झिरपण्याने दाब हळूहळू उतरतो, तो जॉकीच भरून काढतो. त्यासाठी मोठी मोटर उठवायची गरज नसते. लँडिंग व्हॉल्व्ह उघडला की मिनिटाला शेकडो लिटर पाणी जातं, जॉकी पुरा पडत नाही, दाब १०.५ च्या खाली येतो आणि मुख्य पंपाची पाळी येते. डिझेल पंपाचं ९.५ हेही हिशेबातूनच येतं: त्यातून सहा वजा केले की वरच्या मजल्यावर नेमके साडेतीन उरतात. याहून खाली वाट पाहण्यात अर्थ नाही.

जॉकीचा स्वतःचा बंद-दाब मात्र बारापेक्षा थोडा जास्त हवा. नाहीतर तो बाराला कधी पोचतच नाही, थांबत नाही आणि तापत राहतो. मुख्य पंपाचा नियम उलटा आहे. त्याने आपोआप चालू व्हावं, पण आपोआप थांबू नये. त्याला थांबवायचं ते माणसाने, पॅनलजवळ उभं राहून. काही पॅनलांत मुख्य पंपालाही दाबावर थांबण्याची जोडणी केलेली असते. मग अग्निशमन जवानाने नोझल थोडं बंद केलं की दाब चढून पंप बंद पडतो, उघडलं की पुन्हा चालू होतो आणि मोटर या ये-जा करण्यात अडकते.

सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही. समजा, सात मजली इमारतीतले आकडे जसेच्या तसे वीस मजल्यांच्या पॅनलवर लावले: जॉकी थांबणार साडेसातला, चालू होणार साडेसहाला, मुख्य पंप साडेपाचला, डिझेल साडेचारला. सात मजल्यांना हे बरोबर आहे. पण आपल्या इमारतीत गच्चीची टाकी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून रायझरला जोडलेली आहे आणि तिच्या पाण्याची पातळी पंपापासून ६३ मीटरवर आहे. सगळे पंप बंद असले तरी हेडरवरचं गेज ६.३ दाखवतं, कारण तेवढं त्या पाण्याचं वजनच आहे. विसाव्या मजल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी त्याखालचा साठ मीटरचा स्तंभ भरलेलाच राहतो, म्हणून तळाशी दाब सहाच्या खाली उतरत नाही. मुख्य पंप साडेपाचची वाट पाहतो आणि तो आकडा कधी येतच नाही. डिझेल पंपाचंही तेच. पॅनलवर सगळे स्विच ‘ऑटो’वर, हिरवे दिवे लागलेले, जॉकीही व्यवस्थित चालू. वर जवानाच्या हातात मात्र गच्चीच्या टाकीतून येणारी मिळमिळीत धार.

ही चूक लपून राहते ती चाचणीच्या पद्धतीमुळे. प्रेशर स्विचला हेडरमधून एक बारीक नळी येते. तपासणीला येणारा माणूस बहुधा तिचा कॉक बंद करतो आणि स्विचकडच्या बाजूचा निचरा उघडतो. त्या वीतभर नळीत दाब शून्यावर येतो, त्यामुळे सेटिंग काहीही असलं तरी पंप धडाडून चालू होतो. त्यातून फक्त मोटर आणि वायरिंग शाबूत असल्याचं कळतं. ज्या दाबाला पंप खरोखर उठायचा आहे, तो रायझरमध्ये कधी येणार का, हे कळत नाही.

खरी चाचणी दोन टप्प्यांत होते. पहिल्यात जॉकी तात्पुरता बंद ठेवून, पण कॉक बंद न करता निचरा अगदी हळू उघडायचा आणि डोळे गेजवर ठेवायचे. पॅनलमधला कॉन्टॅक्टर ‘टक्’ करतो त्या क्षणीचा आकडा लिहायचा. स्विचच्या पट्टीवर छापलेला आकडा हा अंदाज असतो, खरा मानायचा तो तपासून आणलेल्या गेजचा. मुख्य पंपही तात्पुरता बंद करून डिझेलचाही आकडा असाच घ्यायचा. दुसऱ्या टप्प्यात सगळं ऑटोवर ठेवून सर्वांत वरच्या मजल्यावर होज जोडायचा, तिथे गेज लावायचं आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा. पंप खालून कुणी हात न लावता उठला पाहिजे आणि धार चालू असताना वर साडेतीन दिसले पाहिजेत. ही चाचणी होज रीलवर करू नये. रीलला लागणारं पाणी इतकं थोडं असतं की जॉकी एकटाच ते पुरवतो आणि मुख्य पंप न उठल्याने उगाच घबराट होते.

जॉकी मात्र दर पाच-दहा मिनिटांनी चालू-बंद होऊ लागला तर तो तक्रारच सांगतोय. जॉकी बंद करा, हेडरवरून रायझरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि दोन्ही बाजूंची गेजं पाहा. रायझरकडचा दाब उतरला तर गळती त्या बाजूला आहे: एखाद्या लँडिंग व्हॉल्व्हचा वॉशर, जमिनीखालचा पाइप किंवा गच्चीवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. शेवटच्याची खूण सोपी, गच्चीची टाकी अकारण ओसंडत असते. पंपाकडचा दाब उतरला तर एखाद्या पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतोय. गळती शोधण्याऐवजी जॉकीचा चालू-दाब खाली ओढणं हा नेहमीचा चुकार उपाय. त्याने पायऱ्यांचा क्रम मोडतो, जॉकीच्या आधी मुख्य पंप उठू लागतो आणि मग वैतागून कुणीतरी त्याला ‘ऑफ’वर टाकतं.

वरच्या मजल्याला पुरेसा दाब म्हणजे खालच्यांना जास्तच. पंप साडेदहा देत असताना पहिल्या मजल्यावर जवळजवळ सगळेच पोचतात आणि सात किलोच्या वर होज हातात आवरत नाही. म्हणून खालच्या साधारण निम्म्या मजल्यांवर व्हॉल्व्हच्या मागे छिद्र असलेली ऑरिफिस चकती बसवतात. तिची मर्यादा एवढीच की ती पाणी वाहत असतानाच दाब कमी करते. नोझल बंद केलं की होजमध्ये पूर्ण दाब चढतो. इमारत आणखी उंच झाली की चकत्यांनी भागत नाही, मग रायझरचे दाबाप्रमाणे वरचे आणि खालचे असे वेगळे विभाग करावे लागतात.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. पुढच्या वेळी सही घेण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींनी कागदावर सहा आकडे लिहून मागावेत: जॉकी थांबण्याचा, जॉकी चालू होण्याचा, मुख्य पंपाचा, डिझेलचा, सगळे पंप बंद असताना हेडरवर राहणारा आणि वरच्या मजल्यावर धार चालू असतानाचा. पाचवा आकडा तिसऱ्या किंवा चौथ्यापेक्षा मोठा असेल, तर ते प्रमाणपत्र घेऊ नये.