दोन मिलिलिटर मॉर्फिन

सहा वर्षांचा मुलगा, वजन २० किलो. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालंय. सलाइनमधून दिलेल्या औषधाचा असर ओसरला, तशी कळ वाढली. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन वेळेवर देऊनही तो पाय हलवू देत नाही. डॉक्टर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन लिहून देतात आणि आईवडिलांच्या पोटात गोळा येतो.

मॉर्फिनचा डोस वयावरून नव्हे, वजनावरून काढतात. वर्षाच्या पुढच्या मुलांना सुरुवातीला दर किलोमागे साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम देतात. ०.२ धरलं तर या मुलाला ४ मिलिग्रॅम. औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम मॉर्फिन असेल, तर ते होतात फक्त २ मिलिलिटर. घोळ होतो तो इथेच. ‘४’ हा आकडा मिलिलिटर समजून भरला, तर पोटात ८ मिलिग्रॅम, म्हणजे दुप्पट औषध जातं. म्हणून चमच्याने मोजू नये. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये कुठल्या रेघेपर्यंत भरायचं, ते नर्सकडून खूण करून घ्यावं. बाटली बदलली की तीव्रताही बदलू शकते, तेव्हा पुन्हा विचारावं. तान्ह्या बाळांना डोस बराच कमी लागतो. किडनी अधू असेल किंवा झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, तर तोही डॉक्टरांना आधी सांगायलाच हवा.

औषधाचा पुरता परिणाम दिसायला साधारण तासभर लागतो आणि तो चारेक तास टिकतो. अर्ध्या तासात मूल रडतंय म्हणून दुसरा डोस दिला, तर दोन्हींचा जोर एकत्र येतो.

मळमळ आणि खाज होऊ शकते. नुसती खाज म्हणजे ॲलर्जी असं नाही. बद्धकोष्ठता इतकी नेहमीची, की शौचाचं औषध बहुतेकदा सोबतच सुरू करतात. बरेच तास लघवी झाली नाही, तरी कळवावं.

पण खरी नजर ठेवायची ती गुंगीवर. श्वास मंदावण्याआधी बहुधा मूल जास्त पेंगतं. कळ थांबल्यावर थकलेलं मूल झोपणारच. मात्र हाक मारली, खांद्याला हात लावला की त्याने डोळे उघडून ओळखीचं काही बोलावं किंवा कुरकुरावं. ते लगेच पुन्हा मिटत असतील, तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना कळवावं. उठवूनही उठत नसेल, श्वास अगदी संथ, उथळ किंवा थांबत थांबत चालला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर एक क्षणही न दवडता मदत बोलवावी. रुग्णालयात मॉर्फिन उतरवणारं नालोक्सोन असतं. त्याचा असर मॉर्फिनआधी संपू शकतो, म्हणून मूल जागं झाल्यावरही काही तास त्याच्यावर लक्ष ठेवतात.

घरी असताना सर्दीचं किंवा झोप आणणारं दुसरं औषध विचारल्याशिवाय देऊ नये. मॉर्फिनची बाटली कुलूपबंद कपाटात ठेवावी. उरलेलं औषध दवाखान्यात परत करावं, धाकट्या भावंडासाठी राखून ठेवू नये.