खोलीचा फरक बारा हजार, बिल पासष्ट हजार

डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर एकच वाद पुन्हा पुन्हा ऐकू येतो. पाच लाखांची पॉलिसी, बिल सव्वादोन लाखांच्या आत, मग वरचे पैसे आम्ही का भरायचे? उत्तर बहुतेकदा खोलीत दडलेले असते.

अनेक पॉलिसींत, विशेषतः जुन्यांत, खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्का अशी रोजची मर्यादा असते. पाच लाखांवर ती होते पाच हजार रुपये. समजा, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी रुग्णाने आठ हजारांची खोली घेतली आणि चार दिवस राहिला. घरच्यांचा हिशेब सरळ असतो: रोजचे तीन हजार जास्त, म्हणजे बारा हजार खिशातून.

विमा कंपनीचा हिशेब वेगळा. खोलीचा वर्ग वाढला की बहुतेक रुग्णालयांत सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्याचेच दर वाढतात. म्हणून आठ हजारांपैकी पाच हजार, म्हणजे साडेबासष्ट टक्के, हेच प्रमाण कंपनी या खर्चांनाही लावते.

बिल २,२०,००० रुपयांचे आहे असे धरू. खोलीच्या ३२,००० पैकी २०,००० मंजूर. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, नर्सिंग मिळून १,२०,००० होते, त्यातले ७५,००० मंजूर. औषधे, तपासण्या आणि हर्नियाची जाळी यांचे ६०,००० पूर्ण मिळाले. हातमोजे, फाइलचे शुल्क अशा न मिळणाऱ्या बाबींचे ८,००० गेले. मंजुरी १,५५,००० ची, रुग्णाकडे बाकी ६५,०००. त्यातला खोलीचा थेट फरक बाराच हजार. पंचेचाळीस हजार त्या खोलीमागून आले.

कंपनीची कात्री कुठे चालू नये, हेही ठरलेले आहे. विमा नियामक इर्डाच्या २०२० च्या नियमांनुसार औषधे, तपासण्या, शरीरात बसवलेली उपकरणे आणि आयसीयूचे शुल्क यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. खोली कोणतीही असो, बाकीचे दर एकच ठेवणाऱ्या रुग्णालयातही ती लागू होत नाही. वरच्या बिलात मंजुरी १,३२,५०० चीच आली असती, तर औषधे, तपासण्या आणि जाळीवरही कात्री चालल्याचे लगेच ओळखू आले असते. कपातीचे पत्रक मागून ओळीओळीने ताडावे ते यासाठीच. अंशतः नाकारलेल्या दाव्यातही पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली पैसे कापले, हे कंपनीने सांगावे लागते.

चूक दिसली तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपाल आहे. मुंबई आणि पुण्यात त्याची कार्यालये आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र कपात कलमाप्रमाणेच झाली असेल, तर ते पासष्ट हजार लोकपालाकडूनही परत मिळण्याची आशा धरू नये.