माती परीक्षणाचा कागद कसा वाचावा?



प्रयोगशाळेचा कागद हाती आला की बरेच जण तो घडी करून ठेवतात आणि खत मात्र शेजाऱ्याने टाकले तेवढेच टाकतात. यासाठी एका काळ्या, चुनखडीच्या रानाचे नमुनादाखल आकडे घेऊ. सामू ८.३, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, आणि हेक्टरी उपलब्ध नत्र १९०, स्फुरद ११, पालाश ३८० किलो.

सामू ७ म्हणजे जमीन ना आम्ल ना विम्ल. ८.३ म्हणजे विम्लतेकडे झुकलेली. अशा रानात युरिया उघड्यावर फेकला तर त्यातले नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते, आणि विस्कटून टाकलेला स्फुरद चुन्याशी बांधला जातो. म्हणून युरिया मातीआड करावा व सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून सरीत द्यावे. नुसता सामू पाहून जिप्सम आणू नका. सामू ८.५ च्या वर असेल आणि विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल, तरच त्याचा उपयोग. खोडव्याची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली, तर ती लोहाची कमतरता समजावी. एकरी १० किलो हिराकस शेणखतात मुरवून द्यावे.

सेंद्रिय कर्ब ०.४० च्या खाली म्हणजे कमी. ही जमीन स्वतःहून नत्र थोडेच देणार. कर्ब एका हंगामात वाढत नाही. पाचट न जाळता सरीत कुजवणे व ताग गाडणे दरवर्षी चालू ठेवावे लागते.

आता हिशेब. सुरू उसाला एकरी १०० किलो नत्र, ४६ स्फुरद, ४६ पालाश ही शिफारस. अहवालात 'कमी' असेल तर मात्रा पाव पटीने वाढवायची, 'अत्यंत जास्त' असेल तर निम्मी करायची. आपल्या रानात नत्र व स्फुरद कमी, पालाश अत्यंत जास्त. म्हणजे १२५, ५७ आणि २३ किलो. बाजारच्या खतात सांगायचे तर युरिया ४५ किलोची ६ पोती, सिंगल सुपर फॉस्फेट ५० किलोची ७ पोती आणि म्युरेट ऑफ पोटॅश फक्त ३८ किलो. एरवी पोटॅश ७७ किलो लागले असते.

युरिया लागणीला २७ किलो, सहा ते आठ आठवड्यांनी १०८, बारा ते सोळा आठवड्यांनी २७ आणि मोठ्या बांधणीला १०८ किलो द्यावा. सुपर व पोटॅश निम्मे लागणीला, निम्मे मोठ्या बांधणीला.

एक खबरदारी. कधी शेणखत न पडलेल्या रानाचा कर्ब एकाहून जास्त आला, तर नमुना उकिरड्याजवळचा किंवा झाडाखालचा आहे का ते आधी पाहा. तसा असेल तर त्या कागदावर खत ठरवू नका, नमुना पुन्हा काढा.

— ऊस विकास अधिकारी