दर बांधला आणि जाहिरात थांबली

मार्चअखेरपासून मेपर्यंत पुण्या-मुंबईच्या मोबाइलवर हापूसच्या जाहिरातींचा पूर येतो. त्यातल्या बऱ्याच जाहिराती मोठ्या कंपन्यांच्या नसतात. त्या थेट बागायतदारांच्या असतात आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोज काही हजार रुपये खर्चून चाललेल्या असतात. कोणाला जाहिरात दाखवायची आणि त्यासाठी किती बोली लावायची, हे मेटा कंपनीची यंत्रणा परस्पर ठरवते. बागायतदाराच्या हाती उरतात दोन गोष्टी. एक रोजचं बजेट, आणि दुसरी, हवी असल्यास, दराची मर्यादा. गडबड होते ती बहुतेक या दुसऱ्या गोष्टीत.

समजा, देवगडचा एक बागायतदार दोन डझनांची पेटी २,००० रुपयांना घरपोच विकतो. आंबा, खोका, वाहतूक आणि वाटेत खराब होणाऱ्या पेट्यांचा वाटा धरून त्याचा खर्च १,४०० होतो. हातात ६०० रुपये उरतात आणि जाहिरातही त्यातूनच भागवायची असते. तो रोज ५,००० रुपये जाहिरातीवर घालतो, १२ ऑर्डर येतात, म्हणजे एक ऑर्डर साधारण ४१७ रुपयांना पडते. हे महाग वाटून तो ‘बिड कॅप’च्या चौकटीत ३०० लिहितो. दुसऱ्या दिवशी ५,००० पैकी जेमतेम ४०० रुपये खर्च झालेले असतात आणि ऑर्डर आलेली असते एक. दर उतरला खरा, पण धंदाही बसला.

असं का झालं, ते लिलावाच्या हिशेबात कळतं. स्क्रीनवरची प्रत्येक जागा दाखवण्याआधी क्षणार्धात लिलाव होतो. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो तसाच हाही, शेजारच्याची बोली दिसत नाही. मेटा दोन गोष्टींचा गुणाकार करते, जाहिरातदाराची बोली आणि हा माणूस ऑर्डर देईल याचा अंदाज. त्यात जाहिरातीच्या दर्जाची भर पडते. एखादा माणूस हजारात एकदा ऑर्डर देईल असा अंदाज असेल, तर ३०० रुपयांच्या मर्यादेत हजार वेळा जाहिरात दाखवण्याची किंमत होते ३०० रुपये. त्याच माणसासाठी कपड्यांचा किंवा मोबाइलचा विक्रेता हजारामागे ४५० द्यायला तयार असेल, तर आंबा तिथे हरतो. हजारात दोनदा ऑर्डर देईल अशा माणसासाठी मात्र बोली ६०० होते आणि आंबा जिंकतो. पण असे आंबावेडे थोडेच. मर्यादा आवळली की जाहिरात त्यांच्यापुरतीच उरते.

मुळात ‘बिड कॅप’ ही सरासरीची मर्यादा नव्हेच. ती प्रत्येक लिलावातल्या बोलीची कमाल पायरी आहे. जिंकणाऱ्याला सहसा त्याच्या बोलीपेक्षा कमी पैसे लागतात, म्हणून सरासरी दर या पायरीच्या बराच खाली राहतो. सरासरी ४१७ असताना काही ऑर्डर २०० रुपयांना पडलेल्या असतात, काही ७०० ला. पायरी ३०० वर आणली की महागच नव्हे, मधल्या दरातल्या ऑर्डरीही जातात.

दुसरी चौकट ‘कॉस्ट पर रिझल्ट गोल’ची, जिला पूर्वी ‘कॉस्ट कॅप’ म्हणत. तिथे लिहायची ती सरासरी. यंत्रणा एका लिलावात २०० लावेल, दुसऱ्यात ५०० लावेल, आणि एकूण दर त्या आकड्याजवळ ठेवायचा प्रयत्न करेल. मेटा त्याची हमी देत नाही, हे तिच्या मदतपानांवरच लिहिलेलं आहे.

मग कोणत्या चौकटीत काय लिहायचं? इथे सरासरीचा मोह सोडून शेवटच्या ऑर्डरीचा हिशेब करावा लागतो. आपल्या बागायतदाराने कधी ३,००० रुपयांचं बजेट ठेवलं होतं, तेव्हा ९ ऑर्डर आल्या होत्या असं धरू. ९ पेट्यांवर सुटतात ५,४०० रुपये, जाहिरात वजा जाता उरतात २,४००. ५,००० खर्चून १२ पेट्या विकल्या तर सुटतात ७,२००, आणि उरतात २,२००. विक्री वाढली, नफा घटला. कारण वरच्या तीन ऑर्डरींनी २,००० रुपये खाल्ले, म्हणजे प्रत्येकी ६६७. पेटीमागे सुटतात ६००, तेव्हा या तिन्ही तोट्यातल्या. सरासरी ४१७ दिसत असल्याने हा तोटा अहवालात कुठेच उमटत नाही.

म्हणून ‘बिड कॅप’मध्ये लिहायचा आकडा ३०० नव्हे, ६०० असतो, पेटीमागे जे सुटतं ते पूर्ण. त्याहून महाग ऑर्डर नको, स्वस्त असेल ती सगळी हवी, एवढंच त्या चौकटीला सांगायचं असतं. सरासरीच्या चौकटीत मात्र ३३० ते ३५० च्या आसपासचा आकडा शोभतो, कारण ३,००० रुपयांच्या बजेटला दर ३३३ च होता. आकडा एकच आणि चौकट चुकीची, एवढ्या घोळाने अनेकांची जाहिरात गुदमरते.

तरी ३५० एकदम लिहू नये. आधी आठवडा-दोन आठवडे मर्यादेशिवाय जाहिरात चालवून खरा दर बघावा, पहिली मर्यादा त्या दराइतकी किंवा किंचित वर ठेवावी आणि मग थोडी थोडी उतरवावी. प्रत्येक उतरणीनंतर चार-पाच दिवस हात लावू नये. मेटाची यंत्रणा शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर यायला सात दिवसांत साधारण ५० ऑर्डरी मागते, आणि मर्यादेत मोठा बदल केला की हा टप्पा पुन्हा सुरू होऊ शकतो. रोज ९ ऑर्डरी असतील तर आठवड्याला ६३ होतात, जमतं. रोज एक-दोन असतील तर यंत्रणा चाचपडतच राहते. शिवाय जाहिरात सोमवारी बघून गुरुवारी पेटी मागवणारे असतातच, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांचा दर खऱ्याहून महाग दिसतो. घाईने मर्यादा हलवणारे बहुधा इथे फसतात.

खर्च थांबला की दोष मर्यादेचाच, असंही नाही. जाहिरात मुळात दिसतच नसेल, तर बोली कमी पडते आहे. जाहिरात दिसते, लोक पानावर येतात, पण ऑर्डर देत नाहीत, तर अडचण पानात, किमतीत किंवा पैसे भरण्याच्या टप्प्यात आहे. तिथे मर्यादा वाढवणं म्हणजे निव्वळ खर्च वाढवणं. तिसरी शक्यता लक्षात यायला वेळ लागतो. वेबसाइटवरून ऑर्डरीची नोंदच मेटाकडे जात नसेल, तर यंत्रणेला वाटतं की पैसे जाताहेत आणि मिळत काहीच नाही. मर्यादा पाळायला ती हात आखडता घेते. उलट ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडून तीच ऑर्डर वेगवेगळ्या `event_id` ने गेली, तर ती दोनदा मोजली जाते, दर अर्धा दिसतो आणि जाहिरात बेफाम खर्च करते. म्हणून आठवड्यातून एकदा मेटाने दाखवलेल्या ऑर्डरी आणि वहीतल्या पेट्या ताडून पाहाव्यात. घरपोच पैसे देण्याच्या पद्धतीत परत आलेल्या पेट्या मेटाच्या अहवालातून आपोआप वजा होत नाहीत. दहापैकी एक पेटी परत येत असेल, तर ६०० चा आकडाही खाली आणावा लागतो.

गूगलवर चित्र थोडं वेगळं आहे. तिथे ‘टार्गेट सीपीए’ ही सरासरीची चौकट आहेच, पण स्वयंचलित बोलीवर क्लिकची कमाल मर्यादा लावू नये असा सल्ला खुद्द गूगल देते, कारण मग यंत्रणेला चांगल्या गिऱ्हाइकासाठी जास्त बोली लावता येत नाही. हा सल्ला गूगलच्या सोयीचाही आहे, हे विसरू नये. पण इथे तो चुकीचा नाही.

आठवड्याला पन्नास ऑर्डरी येत नसलेल्या छोट्या विक्रेत्याने मात्र दोन्ही मर्यादा बाजूला ठेवाव्यात. त्याला बजेट हीच मर्यादा पुरते. ५,००० चे ३,००० केले की त्या तीन महागड्या ऑर्डरी तशाही गळून पडतात.